टाकी बदलल्यावर रेग्युलेटर सूं करतोय किंवा फ्लेम मंद झालीये? आधी कुठे बघायचं ते नीट सांगतो

नवीन टाकी लावली, नॉब ऑन केला आणि ओट्याखालून बारीक सूं असा आवाज यायला लागला. नाहीतर आवाज बिवाज काही नाही पण दोन्ही बर्नर फुल केले तरी फ्लेम भांड्याच्या बुडाला जेमतेम टेकतीये. ह्या दोन तक्रारींमध्ये बहुतेक लोक एकच गोष्ट करतात, रेग्युलेटर काढतात, परत लावतात, परत काढतात, थोडा ठोकतात, आणि मग "असाच येतो आवाज" म्हणून सोडून देतात. मीही हेच करायचो. नंतर कळलं की आवाज आणि मंद फ्लेम ह्या शक्यतो दोन वेगळ्या जागांच्या तक्रारी असतात आणि कुठला नॉब चालू असताना काय होतंय एवढं जरी शांतपणे बघितलं तरी जागा सापडते.

मी इथे घरगुती 14.2 किलोच्या टाकीबद्दल लिहितोय, जिच्यावर वरून दाबून क्लिक करून बसणारा रेग्युलेटर लागतो. आटे फिरवून लावायचे रेग्युलेटर किंवा पाइपलाइनचा गॅस ह्यांचं गणित वेगळं आहे, त्यांना हे जसंच्या तसं लावू नका.

आणि सगळ्यात आधी एक. वास जोरात येत असेल तर हा लेख बाजूला ठेवा. रेग्युलेटरचा नॉब ऑफ करा, दारं खिडक्या उघडा, लाइटचं पंख्याचं एकही बटण दाबू नका, चालू असेल ते चालू राहू दे आणि बंद असेल ते बंद. एक्झॉस्ट लावून वास घालवू असं वाटतं पण त्या बटणातच ठिणगी पडते. घरात कुठे देवापुढे दिवा, उदबत्ती असेल तर विझवा. नॉब ऑफ करूनही टाकीतून आवाज येतच असेल तर रेग्युलेटर काढून टाकीचं प्लॅस्टिकचं झाकण दाबून बसवा. जमलं तर टाकी मोकळ्या हवेत न्या, आणि जमण्यासारखं नसेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. फोन बाहेर जाऊन करा, गॅस गळतीचा इमर्जन्सी नंबर 1906 आहे. गॅस हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो वर उडून जात नाही, खाली ओट्याखाली आणि जमिनीलगत साचतो. उभं राहून वास कमी वाटला म्हणजे गेला असं नाही, खाली वाकून बघा. गॅसला स्वतःचा वास नसतोच, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळलेला असतो.

वास अगदी हलका असेल किंवा नुसता आवाज असेल तर पुढचं करायला हरकत नाही.

आवाज मोठा असेल तर नळीवर संशय घेऊ नका

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं सोपं जातं. टाकीच्या आत गॅस दाबाखाली द्रव झालेला असतो. आतला दाब हवामानाप्रमाणे कमीजास्त होतो पण ढोबळ मानाने प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पाच-सहा किलो धरा. रेग्युलेटरचं काम हा दाब उतरवून शेगडीला झेपेल एवढा करायचा, म्हणजे सुमारे 30 ग्रॅम. किलोवरून ग्रॅमवर. जवळजवळ दोनशे पट कमी.

आता विचार करा. रेग्युलेटरच्या आधी, म्हणजे टाकीच्या तोंडापाशी कुठे बारीक फट राहिली तर तिथून गॅस पाच-सहा किलोच्या दाबाने बाहेर पडणार, म्हणजे शिट्टीसारखा आवाज येणारच. पण रेग्युलेटरच्या पुढे, नळीला चीर गेली असेल तर तिथे दाब आहे 30 ग्रॅम, तिथून गॅस गुपचूप बाहेर येतो, आवाज करत नाही किंवा कान लावल्याशिवाय ऐकू येत नाही. म्हणून स्पष्ट सूं ऐकू आलं तर टाकीचं तोंड आणि रेग्युलेटरची बैठक बघायची, आणि आवाज नाही पण ओट्याखाली वास येतोय तर नळी. उलट मंद फ्लेमचं कारण बरेचदा नळीच्या बाजूला सापडतं, कारण 30 ग्रॅमच्या दाबात जोर किती असणार, नळी जरा मुरडली की गॅस अडलाच.

एक मात्र, बर्नर पेटलेला असताना बर्नरपाशी येणारा हलका फर्र आवाज नॉर्मल आहे, तो गॅस जेटमधून हवा ओढत जातो त्याचा असतो. कधी कधी फ्लेम फुल असताना रेग्युलेटर किंचित गुणगुणतो. तेही, वास नसेल आणि साबणाच्या पाण्याने बुडबुडे आले नाहीत तर, चालतं.

तोंडात काय असतं

टाकीचं झाकण काढून आत बघितलं (टॉर्च वापरायचा तर लांब जाऊन आधी लावून मग जवळ आणा) तर मधोमध एक पिन दिसते आणि तिच्या वरच्या बाजूला आतल्या भिंतीला खाचेत बसलेली काळी रबरी रिंग. तिला ओ-रिंग म्हणतात, आपल्याकडे सगळे वायसर म्हणतात. ही रिंग टाकीत असते, रेग्युलेटरमध्ये नाही. हे मुद्दाम सांगतोय कारण आवाज आला की लोक रेग्युलेटर बदलून आणतात आणि नवा रेग्युलेटरही त्याच टाकीवर तसाच सूं करतो. टाकी बदलली की रिंगही बदलली, म्हणूनच ही तक्रार नेमकी टाकी बदलल्यावर सुरू होते.

रेग्युलेटरच्या खालच्या बाजूला पितळी नळकांडं असतं, ते ह्या रिंगमधून आत जातं आणि रिंग त्याला चहूबाजूंनी घट्ट आवळून धरते. मग नॉब ऑन केला की रेग्युलेटरमधला दांडा खाली जाऊन टाकीची पिन दाबतो आणि गॅस वर येतो. नॉब ऑफ केला की दांडा वर, पिन स्प्रिंगने आपोआप बंद. म्हणजे नॉब ऑफ असताना रिंगपर्यंत गॅस पोचायलाच नको.

ह्यावरून आवाजाचं निदान असं निघतं. रेग्युलेटर लावलाय, नॉब ऑफ आहे आणि आवाज नाही, पण ऑन केल्याबरोबर आवाज सुरू, तर रिंग खराब किंवा रेग्युलेटर अर्धवट बसलाय. रेग्युलेटर पूर्ण काढला तरी टाकीच्या तोंडातून सूं येतंय, तर पिन गळतीये, रिंगचा काही संबंध नाही, ती टाकी लगेच झाकण लावून बाहेर. आणि नॉब ऑफ असतानाही रेग्युलेटर लावल्या लावल्या आवाज येतो तर पिन तरी नीट बंद होत नाहीये किंवा रेग्युलेटरचा दांडा खालीच अडकून पिनेला दाबून ठेवतोय. रेग्युलेटर काढून बघितला की दोघांतला कोण ते कळतं, काढल्यावर आवाज थांबला तर दोष रेग्युलेटरचा.

बसवायचं कसं

वीस वर्षं टाकी लावणारेही ह्यात घाई करतात. आधी शेगडीचे सगळे नॉब बंद आहेत ना बघा, आसपास काही पेटलेलं नको. टाकी उभी आणि सपाट जमिनीवर हवी, डुगडुगत असेल तर रेग्युलेटरही कलता बसतो. झाकण काढा, ते दोरीला लटकलेलंच राहू दे, कापून फेकू नका, कधी लागेल सांगता येत नाही.

तोंडात कचरा, पाणी, सीलच्या प्लॅस्टिकचा तुकडा अडकलाय का बघा. हे फार कॉमन आहे, सील ओढून तोडताना बारीक तुकडा आत पडतो आणि रेग्युलेटर एक दोन मिलिमीटर वरच राहतो. कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा. आत पिन, सुई, चमचा काहीही खुपसू नका, पिन दाबली गेली तर गॅसचा झोत थेट तोंडावर येईल.

रेग्युलेटरचा नॉब ऑफवर आहे हे परत एकदा बघा. आता रेग्युलेटरच्या खालच्या भागाला जी प्लॅस्टिकची कडी असते, बहुतेक काळी, तिला बुश म्हणतात, ती बोटांनी वर उचलून धरा. धरूनच रेग्युलेटर टाकीच्या तोंडावर सरळ ठेवा आणि खाली दाबत दाबत थोडं डावीउजवीकडे फिरवा म्हणजे नळकांडं रिंगमधून अलगद आत जाईल. एकदम आदळून दाबलं तर नळकांड्याची कड रिंगला कापते, अर्ध्याहून जास्त रिंगा मला वाटतं आपण स्वतःच अशा खराब करत असू. पूर्ण खाली गेला की बुश सोडा, तो टक् आवाज करून खाली पडायला हवा.

बुश स्वतःहून खाली पडला का, ही खरी खूण. हाताने ढकलून खाली न्यावा लागला किंवा एका बाजूने वर राहिला तर रेग्युलेटर बसलेला नाही. बुशच्या आत बारीक छर्रे असतात जे टाकीच्या तोंडाच्या खाचेत अडकून कुलपासारखं काम करतात, बुश खाली आल्याशिवाय ते लॉक होत नाहीत. आता बुशला हात न लावता रेग्युलेटर धरून वर ओढून बघा, निघता कामा नये. गोल फिरतो ते ठीक आहे, वर उचलला जायला नको.

मग नॉब ऑन. अडखळला तर जोर लावू नका, ऑफ करा, काढा आणि परत बसवा. रेग्युलेटर नीट बसला नसला की नॉब बरेचदा पूर्ण फिरत नाही, आणि अर्ध्यावर सोडलेला नॉब हेच मंद फ्लेमचं सगळ्यात फालतू पण सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

साबणाचं पाणी

काडी पेटवून लीक शोधणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही. अर्ध्या वाटी पाण्यात चमचाभर भांड्यांचं लिक्विड घाला, ढवळून चांगला फेस करा, आणि जुना ब्रश किंवा स्पंजने फेस लावा. शेगडीचे नॉब सगळे बंद आणि रेग्युलेटर ऑन, म्हणजे नळीत दाब राहतो पण गॅस कुठे जळत नाही.

क्रम टाकीपासून शेगडीकडे ठेवा. आधी बुश आणि टाकीचं तोंड ह्यांच्या मधली फट, चहूबाजूंनी. मग रेग्युलेटरच्या अंगावर वरच्या बाजूला एक बारीक भोक असतं, त्याच्यावर थोडासाच फेस ठेवा. मग नळी रेग्युलेटरच्या नोजलवर चढवलीये तो जोड, मग नळी पूर्ण लांबी, मुरडीच्या जागी हाताने थोडी वाकवून कारण चीर वाकवल्यावरच उघडते, मग शेगडीकडचा जोड आणि शेवटी शेगडीच्या नॉबच्या मुळाशी. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट थांबा. दाब कमी असतो त्यामुळे नळीवरचा बुडबुडा हळू फुगतो, घाईत दिसत नाही. जो फेस लावतानाच फुटतो तो लीक नाही, जो एकाच जागी परत परत फुगतो तो लीक. झालं की सगळं ओल्या मग कोरड्या कापडाने पुसून घ्या, आणि रेग्युलेटरच्या भोकात फेस सुकून राहू देऊ नका.

त्या भोकाबद्दल दोन शब्द, कारण ते बघून लोकांना वाटतं हे चुकून पडलंय आणि एम-सील लावून बुजवतात. ते मुद्दाम ठेवलेलं असतं. रेग्युलेटरच्या आत रबरी पडदा असतो जो वरखाली होऊन दाब ठरवतो आणि त्याच्या वरच्या बाजूला हवा आतबाहेर जायला हे भोक लागतं. बुजलं, म्हणजे तेलकट धूळ बसली किंवा एखाद्या किड्याने आत माती भरली, की पडदा मोकळा हलत नाही आणि फ्लेम कधी मंद तर कधी उगाच मोठी व्हायला लागते. बाहेरून कापडाने पुसा, सुई घालू नका, पडदा फाटेल. आणि तिथेच बुडबुडे आले तर पडदा फाटलेलाच आहे, रेग्युलेटर बदलायचा, दुसरा इलाज नाही. रेग्युलेटर उघडून रिपेअर करायची वस्तूच नाही.

मंद फ्लेम

इथे पहिला प्रश्न, एकच बर्नर मंद आहे की सगळे? एकच मंद असेल तर खाली टाकीकडे बघायची गरजच नाही, त्या बर्नरचा जेट तुंबलाय किंवा बर्नरची भोकं. सगळे मंद असतील तरच पुढे या.

दुसरं, रंग बघा. छोटी पण निळी फ्लेम म्हणजे गॅस कमी येतोय. पिवळी, काजळी धरणारी, लांब लांब हलणारी फ्लेम म्हणजे हवा नीट मिसळत नाहीये, तो शेगडीचा साफसफाईचा विषय, रेग्युलेटरला त्यात ओढू नका. आणि फ्लेम बर्नरवरून उचलली जातीये, फडफडतीये, आवाज करतीये आणि बारीक केली तरी नीट बारीक होत नाही, तर दाब जास्त येतोय, ही मंद फ्लेमपेक्षा वाईट गोष्ट आहे, नॉब ऑफ करून रेग्युलेटर बदलेपर्यंत वापरू नका.

सगळे बर्नर मंद आणि निळे असतील तर एक सोपी टेस्ट करा. एक बर्नर लावून फ्लेम बघा, मग दुसराही फुल लावा. दुसरा लावल्यावर पहिला एकदम खाली बसला तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे, एकापुरता गॅस येतोय, दोघांना पुरत नाही. मग बर्नर चालू ठेवून नळी हलवू नका, आधी सगळं बंद करा.

नॉब पूर्ण ऑनच्या खुणेपर्यंत गेलाय का, बुश पूर्ण खाली आहे का, हे आधी. अर्धवट बसलेला रेग्युलेटर पिन पूर्ण दाबत नाही आणि गॅस थोडाच येतो, आवाज न करताही. त्यानंतर नळी.

नळी बघायची म्हणजे काय बघायचं

हल्ली जी केशरी रंगाची जाड नळी मिळते, आत तारेची जाळी असलेली, ती सुरक्षा नळी, आणि तिच्यावर आयएसआयचा शिक्का, IS 9573 हा नंबर आणि तारीख छापलेली असते. पाच वर्षं हे तिचं आयुष्य धरतात. छाप पुसून गेली असेल आणि कधी घेतली आठवत नसेल तर पाच वर्षं झाली असं समजा आणि बदला. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको, मध्ये जोड नको, एका नळीतून दोन शेगड्यांसाठी फाटा तर अजिबात नको.

रेग्युलेटर ऑफ करून नळी पूर्ण हाताळा, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बोटांनी चाचपत. कडक झाली का, चिकट झाली का, बोटाने दाबल्यावर कुठे पोचट लागते का. वाकवल्यावर बारीक भेगांचं जाळं दिसलं तर ती गेली. उंदरांनी कुरतडलेलं बहुतेक मागच्या बाजूला, भिंतीला लागून असतं, न दिसणाऱ्या बाजूला. शेगडीकडचं टोक सगळ्यात आधी म्हातारं होतं कारण उष्णता तिथे, म्हणून नळी शेगडीच्या मागून किंवा बर्नरखालून नेऊ नका, बाजूने खाली सोडा. कपड्याचं कव्हर वगैरे घालून छान दिसतं पण त्यात काय चाललंय ते दिसत नाही.

मंद फ्लेमसाठी बघायची जागा मात्र वेगळी, दोन्ही टोकांजवळचे पहिले चार बोटं. नोजलवरून नळी बाहेर पडते आणि लगेच वळते तिथेच ती चपटी होते. टाकी आत ढकलताना भिंत आणि टाकीच्या मध्ये नळी दाबली जाते, किंवा टाकी नळीच्या अंगावरच उभी असते (हसू नका, हे मी दोन घरांत बघितलंय). तारेची जाळी असली तरी एकदा कडक मुरड पडली की नळी ती मुरड विसरत नाही, सरळ केली तरी तिथेच परत वाकते. अशी नळी बदललेलीच बरी.

बदलताना नळी नोजलवर शेवटपर्यंत, म्हणजे नोजलच्या सगळ्या खाचा झाकून आत मुळाला टेकेपर्यंत चढली पाहिजे. टोक मिनिटभर गरम पाण्यात धरलं की रबर मऊ होतं आणि फिरवत फिरवत चढते, नंतर टोक कोरडं पुसून. तेल, ग्रीस लावू नका, चढते पटकन पण रबर खराब होतं आणि तशीच पटकन उतरतेही. सैल बसणाऱ्या नळीला क्लॅम्प आवळून घट्ट करणं हा इलाज नाही, तिचा साइझच चुकीचा आहे.

नळीही ठीक असेल तर टाकी संपत आली आहे का बघा. टाकीच्या कड्याजवळ रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं, वजनकाट्यावर ठेवून तेवढं वजा करा, उरला तो गॅस. काटा नसेल तर टाकीला ओलं कापड फिरवा, वरचा रिकामा भाग आधी सुकतो आणि द्रव गॅस असलेला भाग थोडा वेळ ओला राहतो, तिथे रेष दिसते. कडाक्याच्या थंडीत आतला गॅस नीट उकळत नाही आणि दाब पडतो, त्यातही टाकीत तळाला थोडाच उरलेला असेल तर फ्लेम जास्तच रडते. त्यावर टाकी गरम पाण्यात ठेवणं किंवा आडवी करणं हे प्रकार करू नका, आडव्या टाकीतून गॅसऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये येतो.

आमच्या घरी झालेलं

दोन्ही तक्रारी एकाच टाकीला झाल्या म्हणून सांगतो. संध्याकाळी टाकी संपली, दुसरी लावली, नॉब ऑन केला आणि सूं. मी रेग्युलेटर काढून तीनदा लावला. एक गोष्ट लक्षात आली की रेग्युलेटर हाताने एका बाजूला दाबून धरला की आवाज बंद होतोय, सोडला की सुरू. आई म्हणाली, मग काहीतरी वजन ठेव ना त्याच्यावर. मला पण क्षणभर ती आयडिया बरी वाटली, खोटं कशाला बोलू.

नॉब ऑफ केला, आवाज बंद. म्हणजे पिन ठीक. फेस केला आणि नॉब ऑन करून बुशच्या खाली लावला तर एकाच बाजूने, मागच्या, फेस उडत होता, बाकी तीन बाजू शांत. लगेच ऑफ. रेग्युलेटर काढून खिडकीजवळ टाकी नेली आणि आत बघितलं तर रिंग होती जागेवर, पण मागच्या बाजूला खाचेतून वर आलेली आणि तिथे नखाएवढी कापलेली. बाजूने दाबल्यावर ती फट मिटायची म्हणून आवाज थांबायचा. जुन्या टाकीतली रिंग काढून ह्यात टाकायचा मोह होतो पण ती काढायला खास टोकदार अवजार लागतं, स्क्रू ड्रायव्हरने काढताना खाचेला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळते. मी झाकण दाबून बसवलं, त्या झाकणावर परत फेस लावून खात्री केली, आणि टाकी रात्रभर गॅलरीत.

सकाळी एजन्सीचा माणूस आला, दोन मिनिटांत रिंग बदलली, माझ्यासमोर त्याच्याकडच्या टेस्टरने तपासली, टाकी ओट्याखाली ढकलून रेग्युलेटर लावून दिला आणि गेला. आवाज गेला. आणि बर्नर लावला तर फ्लेम मंद! दोन्ही. निळी, पण अर्धीच. मला वाटलं चुकीच्या साइझची रिंग टाकली, रेग्युलेटर वरच राहत असेल. पण बुश पूर्ण खाली होता, ओढून बघितला तर निघत नव्हता, नॉब शेवटपर्यंत फिरत होता. दुसरा बर्नर लावला की पहिला बसायचा, म्हणजे अडथळा. मग वाकून बघितलं. टाकी आत ढकलताना रेग्युलेटरचं नोजल भिंतीकडे तोंड करून गेलं होतं आणि नळी तिथून निघून लगेच काटकोनात वळून पुढे येत होती, वळणावर पूर्ण चपटी.

नॉब ऑफ केला, रेग्युलेटर जागच्या जागी गोल फिरवून नोजल समोर आणलं, टाकी भिंतीपासून वीतभर पुढे घेतली, नळीला मोठं मोकळं वळण दिलं. परत ऑन, फ्लेम पूर्ववत. रिंगेचा काही दोष नव्हता. पण ती चपटी झालेली जागा वाकवून बघितली तर भेगा, आणि छापलेली तारीख बघितली तर पाच वर्षं होऊन सहा महिने वर झालेले. फेस लावला तर अजून बुडबुडा येत नव्हता, तरी त्याच दिवशी बदलली.

एजन्सीला फोन करताना

"गॅस लीक होतोय" एवढंच सांगितलं तर येणारा माणूस रिंगा घेऊन येईल की रेग्युलेटर की नळी, त्यालाच माहीत नसतं. त्याऐवजी सांगा की नॉब ऑफ असताना आवाज नाही, ऑन केल्यावर बुशखालून येतो. किंवा रेग्युलेटर काढला तरी टाकीतून येतो. किंवा आवाज नाही पण वरच्या भोकातून बुडबुडे येतात. पहिल्याला रिंग लागते, दुसऱ्याला अख्खी टाकी बदलून, तिसऱ्याला रेग्युलेटर. आणि पुढची टाकी घरी येईल तेव्हा घेऊन येणाऱ्याला दारातच सील तोडून पिन आणि रिंग दोन्ही तपासायला सांगा, त्याच्याकडे टेस्टर असतो, आणि तो गाडीत बसायच्या आत रिंग बदलून मिळते, रात्री गॅलरीत टाकी ठेवावी लागत नाही.